आठ जणांचं जेवण, पाच बाटल्या आणि एक राखीव

प्रश्न: शनिवारी घरी आठ जण जेवायला आहोत. त्यातले सहा वाइन घेतील, एक जण पीत नाही आणि एकाला गाडी चालवायची आहे. आधी लिंबाच्या ड्रेसिंगचं सॅलड, मग मशरूम घालून ओव्हनमध्ये भाजलेलं चिकन, शाकाहारी पाहुणीसाठी तिखट लाल भोपळा आणि शेवटी चॉकलेट केक. कोणती वाइन आणू आणि किती बाटल्या? कुणी माणशी अर्धी सांगतं, कुणी एक.

माणशी अर्धी आणि माणशी एक हे दोन्ही आकडे खरे आहेत, पण ते वेगवेगळ्या संध्याकाळींचे आहेत. पहिला दोन तासांत उठणाऱ्या पंगतीचा आणि दुसरा मध्यरात्रीपर्यंत गप्पा मारत बसणाऱ्यांचा. म्हणून रेस्टॉरंटमध्ये वाइन वाढण्याच्या कामात मी बाटल्यांपासून हिशेब सुरू करत नाही. आधी ग्लास मोजते आणि बाटल्या सगळ्यात शेवटी. तुमच्या बाबतीत मात्र त्याहीआधी एक गाठ सोडवायला हवी. टेबलावर आंबट, तिखट, मशरूमचं आणि गोड असे चार स्वभावाचे पदार्थ आहेत, आणि प्रत्येकासाठी वेगळी वाइन आणली तर सहा माणसांत एकही बाटली धड संपणार नाही. तेव्हा दोन पदार्थ सांभाळेल अशी एक वाइन शोधायची, आणि मुख्य पदार्थासाठी दुसरी.

बहुतेक लोक जोडी जमवताना चिकन की मासे, तांबडी की पांढरी, एवढंच बघतात. त्याने फारसं काही ठरत नाही. चिकनला स्वतःची चव बेताचीच असते. पदार्थ आंबट आहे का, तिखट आहे का, त्यात मीठ किती, गोडवा किती, यावर वाइनची चव तोंडात बदलते. हे पटत नसेल तर घरीच करून बघा. कुठल्याही ड्राय, म्हणजे गोडवा न उरलेल्या कोरड्या, पांढऱ्या वाइनचा एक घोट घ्या, मग लिंबाची चकती किंचित मीठ लावून चावा आणि पुन्हा तीच वाइन प्या. ती मघापेक्षा मऊ आणि थोडी गोडसर लागेल. आता साखरेची चिमूट जिभेवर ठेवून तिसरा घोट घ्या. तीच वाइन आता आंबट आणि पोकळ लागते. बाटली बदललेली नाही, जिभेची मोजपट्टी बदलली आहे. तुमचा सगळा मेनू या तीन घोटांत येतो.

सॅलडपासून सुरुवात करू. लिंबाच्या आंबटपणापुढे कमी आंबट वाइन सपाट लागते, पाणी घातल्यासारखी. त्यामुळे इथे वाइनचा आंबटपणा निदान ड्रेसिंगच्या तोडीचा हवा. सोव्हिन्यों ब्लां हा सरळ पर्याय आहे आणि जेवणात फक्त सॅलड असतं तर मी तिथेच थांबले असते. पण तुमच्या पाहुणीच्या पानात तिखट भोपळा येणार आहे. तिखटाने तोंडात होणारी आग अल्कोहोल आणखी वाढवतं, आणि टॅनिन, म्हणजे तांबड्या वाइनमधला तुरटपणा, त्या आगीत कडवट लागतो. तिखटाला उतार देतो तो थोडासा गोडवा. भोपळ्याला स्वतःची गोडी असते, त्यामुळे अगदी कोरडी वाइन तिथे आणखी आंबट वाटेल ते वेगळंच.

म्हणून मी तुम्हाला रीसलिंग सुचवेन, तीही किंचित गोडवा राखलेली, जिला ऑफ-ड्राय म्हणतात. रीसलिंगचा आंबटपणा मुळातच धारदार असतो, तो लिंबाला पुरून उरतो. उरलेली थोडी साखर तिखटाला सांभाळते. शिवाय अल्कोहोल कमी. दुकानात गोडव्याचा अंदाज घ्यायची एक युक्ती आहे. लेबलवरचा अल्कोहोलचा टक्का बघा. द्राक्षातली साखर आंबताना अल्कोहोलमध्ये बदलते, त्यामुळे ८ किंवा ९ टक्क्यांच्या रीसलिंगमध्ये बरीच साखर न आंबता उरलेली असते आणि १२ टक्क्यांच्या वरची बहुधा कोरडी असते. तुम्हाला १०.५ ते ११.५ च्या आसपासची हवी. हा अंदाज आहे, नियम नव्हे, पण बाटली न उघडता याहून चांगली खूण मिळत नाही. जर्मन बाटलीवर ‘ट्रोकन’ लिहिलेलं असेल तर ती कोरडी, ती या कामाला नको. रीसलिंग मिळालीच नाही तर थोड्या गोडव्याची शेनिन ब्लां चालेल. तिचाही आंबटपणा चांगला असतो.

काही पाहुणे ‘गोडसर’ हा शब्द ऐकूनच नाक मुरडतात. त्यांना आधी काही सांगू नका. सॅलडबरोबर पिताना ती साखर जाणवतही नाही.

आता चिकन. इथे चिकनपेक्षा मशरूम महत्त्वाचं. मशरूममध्ये ती मांसरसासारखी भरलेली चव असते जिला उमामी म्हणतात, आणि उमामीचा स्वभाव असा की ती वाइनचं फळ दाबते आणि कडूपणा-तुरटपणा वर काढते. दावत म्हटली की भारदस्त कॅबर्ने सोव्हिन्यों आणायची अनेकांना हौस असते. भाजलेल्या लाल मांसाबरोबर ती खुलते, कारण टॅनिन एरवी लाळेतल्या प्रथिनांना चिकटून तोंड कोरडं करतं, आणि मांसाची प्रथिनं व चरबी त्यातलं बरंचसं आपल्याकडे ओढून घेतात. तुमच्या चिकनमध्ये टॅनिनला गुंतवून ठेवण्याइतका ऐवज नाही, वर मशरूम. तीच बाटली इथे चहाची पावडर चावल्यासारखी लागेल, आणि दोष वाइनला दिला जाईल.

त्यामुळे तांबडी हवी ती कमी टॅनिनची. पिनो न्वार माझी पहिली पसंती. तिला स्वतःलाच ओल्या मातीचा, रानातला एक वास असतो, तो मशरूमच्या शेजारी शोभतो. ती नसेल तर गामे द्राक्षाची वाइन घ्या, म्हणजे बोजोले. ती फळांच्या चवीची आणि हलकी असते. चिकनच्या रस्शात मीठ नीट असू द्या. मिठाने टॅनिनची धार कमी होते, आणि अळणी मशरूमबरोबर चांगली पिनोसुद्धा कडवट वाटते. आयत्या वेळी वाइन तुरट लागतेय असं वाटलं तर बाटली बदलण्याआधी पदार्थावर चिमूटभर मीठ टाकून पुन्हा चाखा.

‘तांबडी नकोच, सगळं पांढरीवर भागवू’ असं कुणी म्हटलं तरी चालेल. रस्सा क्रीमचा असेल तर ओकच्या पिंपात मुरलेली शार्डने पिनोपेक्षा कांकणभर सरसच ठरते. पण मग सॅलडला ती चालणार नाही, म्हणजे दोन पांढऱ्या आल्या. मी तुमच्या जागी असते तर तांबडी ठेवली असती, कारण जेवणानंतर हातात ग्लास घेऊन बसणारे लोक बहुधा तांबडीकडेच वळतात.

केकबाबत नियम एकच आणि कडक आहे. वाइन पदार्थापेक्षा गोड हवी. नाहीतर साखरेच्या चिमटीचा प्रयोग केकवर आपोआप घडतो, आणि पिनोचं व्हिनेगर होतं. चॉकलेटपुढे टिकते ती पोर्टसारखी गोड, जोर वाढवलेली वाइन. ती ६० मिलिलिटरच वाढायची असते, म्हणजे ३७५ च्या अर्ध्या बाटलीत सहा माणसांचं अगदी बरोबर भागतं. पोर्ट २० टक्क्यांच्या आसपास असते, तेव्हा त्याहून जास्त कुणाला नकोच. पण ती आणायलाच हवी असं नाही. तांबडी आधी संपू द्या, मग केक आणि कॉफी ठेवा. कुणाला काही कमी पडल्यासारखं वाटणार नाही. मी बऱ्याचदा हेच सुचवते.

आता ग्लास मोजू. आल्या आल्या उभ्याने एक ग्लास, सॅलडबरोबर एक, मुख्य जेवणाबरोबर एक, आणि त्यानंतर रेंगाळताना कुणी अर्धा घेईल, कुणी पूर्ण, कुणी काहीच नाही. सरासरी माणशी साडेतीन धरा. हे तीन ते साडेतीन तासांच्या संध्याकाळीचं माप आहे. त्यापुढे प्रत्येक तासाला पिणाऱ्या माणसामागे अर्धा-पाऊण ग्लास वाढवते मी, कारण पोट भरल्यावर पिण्याचा वेग उतरतो. गाडी चालवणाऱ्याला मी हिशेबात शून्य धरते, ‘एखादा घेईल’ असंही नाही. तर सहा माणसं, साडेतीन ग्लास, एकवीस ग्लास झाले.

एकवीस ग्लास म्हणजे किती बाटल्या, हे तुमचे ग्लास ठरवतात, आणि लोकांचा हिशेब बहुतेक वेळा इथेच फसतो. बाटली ७५० मिलिलिटरची. १२५ ने वाढली तर तिच्यात सहा ग्लास, १५० ने वाढली तर पाच. पण घरी हल्ली मोठे, पोटाळ ग्लास असतात. सहाशे मिलिलिटरचा ग्लास एक तृतीयांश भरला तर बघणाऱ्याला तो संयमाने वाढल्यासारखाच दिसतो, पण आत २०० मिलिलिटर गेलेले असतात. मग बाटलीत चार ग्लाससुद्धा होत नाहीत. तुमचे एकवीस ग्लास १२५ च्या मापाने साडेतीन बाटल्यांत बसतात, १५० ने सव्वाचार लागतात आणि २०० ने साडेपाचच्या वर जातात. पाहुणे तेच आणि पिणंही तेच, फक्त ओतणाऱ्याच्या हातामुळे दोन बाटल्यांचा फरक पडला. तेव्हा शनिवारच्या आधी मापाच्या कपाने तुमच्याच ग्लासात १५० मिलिलिटर पाणी ओता आणि ते कुठवर येतं ते नजरेत ठेवा. रुंद ग्लासात ते इतकं खाली असतं की तुम्हालाच कंजूषपणा वाटेल. वाटू द्या.

बाटल्या वाटताना आणखी एक गोष्ट बघावी लागते. एकूण बेरीज पुरली तरी एखादी विशिष्ट वाइन मध्येच संपू शकते. सव्वाचार बाटल्यांना पाच बाटल्या पुरतात हे खरं, पण त्या पाचांत कोणत्या किती? स्वागताला एक स्पार्कलिंग घ्या, लेबलवर ‘ब्रूट’ लिहिलेली, म्हणजे कोरडी. ती लहान ग्लासात, ११० ते १२० मिलिलिटर वाढली की सहा जणांना एक बाटली बरोबर होते, फेसाची उधळण धरून. न पिणारे आणि गाडीवाले यांच्यासाठीही काहीतरी बुडबुड्यांचं त्याच आकाराच्या ग्लासात द्या. म्हणजे पहिल्याच मिनिटाला कोण पितं आणि कोण नाही याची पंचाईत उरत नाही.

सॅलडला रीसलिंगची एक बाटली सहा जणांत १२५ ने संपते, अगदी तळापर्यंत. त्यात एकाने जास्त मागितली की दुसऱ्याला अर्धा ग्लास. शिवाय तिखट भोपळा खाणारी पाहुणी पुढेही तीच पिणार आहे आणि तिच्याबरोबर आणखी एखादा पांढरीवरच राहील. म्हणून रीसलिंग दोन. मुख्य जेवणाला उरले चार-पाच जण, प्रत्येकाचे दीड ते दोन ग्लास, म्हणजे आठ-नऊ ग्लास पिनो न्वारचे, दीड ते पावणेदोन बाटल्या. तीही दोन. झाल्या पाच, आणि सहावी राखीव.

राखीव बाटली मी पिनोचीच ठेवेन, शक्य असेल तर फिरकीच्या झाकणाची. ती केवळ जास्त पिणाऱ्यांसाठी नाही. कॉर्क लावलेल्या बाटल्यांमध्ये अधूनमधून एक दोष निघतो. वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा, बंद तळघराचा वास येतो आणि फळाचा वास गायब झालेला असतो. तो टीसीए नावाच्या रसायनामुळे येतो, ते बहुधा कॉर्कमधून उतरतं आणि फार थोड्या प्रमाणातही जाणवतं. प्यायला अपाय नसतो, पण मजा संपलेली असते, आणि हवा लागून तो वास जात नाही, उलट ग्लासात वाढत जातो. दोनांतली एक पिनो अशी निघाली तर तुमचं मुख्य जेवण एका बाटलीवर आलं. म्हणून पाहुणे यायच्या तासभर आधी दोन्ही पिनो उघडून एकेक घोट चाखा. ‘वाइनला श्वास घेऊ द्यायचा’ असं सांगून लोक आधी उघडतात, पण बाटलीच्या अरुंद मानेतून तासाभरात हवा लागते ती नगण्य. आधी उघडण्याचा खरा उपयोग हा की खराब बाटली पाहुण्यांसमोर उघडत नाही. उघडी बाटली तासभर तशीच राहिली तरी काही बिघडत नाही, कॉर्क परत हलकेच बसवून ठेवा.

तापमान हा भाग लोक शेवटी आठवतात. स्पार्कलिंग ६ ते ८ अंशांना, रीसलिंग ८ ते १० ला आणि पिनो १३ ते १५ च्या आसपास चांगली लागते. फ्रिज साधारण ४ अंशांवर असतो, त्यामुळे पांढरी तिथे तीन तास ठेवून वाढण्याआधी दहा-पंधरा मिनिटं बाहेर काढावी. तांबडी ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी हे वाक्य थंड दगडी घरांच्या काळातलं आहे. २५ अंशांच्या खोलीत पिनोतलं अल्कोहोल नाकाला झोंबतं आणि चव सैल पडते. ती वाढण्याआधी अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवा. विसरलात तर बादलीत बर्फ आणि पाणी निम्मं निम्मं घेऊन मूठभर मीठ टाका आणि बाटली मानेपर्यंत बुडवा. वीस मिनिटांत पांढरी तयार होते, तांबडीला पाच-सात मिनिटं पुरतात. नुसत्या बर्फात वेळ लागतो, कारण खडे काचेला जागोजागीच टेकतात आणि पाणी सगळीकडून भिडतं. फ्रीझरमध्ये स्पार्कलिंग ठेवू नका. ती विसरली जाते, गोठताना फुगते आणि बाटली फुटते.

ही बाटली उघडतानाही थोडं जपा. आतला दाब पाच ते सहा वातावरणांचा असतो. तारेची जाळी सैल केल्यापासून अंगठा कॉर्कवरून हलवू नका, बाटली तिरकी धरा, तोंड माणसांपासून दूर ठेवा आणि कॉर्क घट्ट पकडून बाटली फिरवा. थंड बाटलीचा कॉर्क हळू सुटतो. कोमट बाटलीतली निम्मी वाइन जमिनीवर जाते आणि मग सहा ग्लासांचा हिशेब चार ग्लासांवर येतो.

तुमच्या परिस्थितीत काही वेगळं असेल तर बदल कुठे करायचा तेही सांगते. मंडळी सावकाश पिणारी असतील, किंवा दुसऱ्या दिवशी कामाला लवकर जाणार असतील, तर राखीव तशीच परत कपाटात जाईल, पण ती आणा. न उघडलेली बाटली दुकान परत घेतं का हे आधीच विचारून ठेवा. पाहुणे अर्धा तास उशिरा येणं तुमच्याकडे नेहमीचं असेल तर आधी आलेल्यांचा स्वागताचा ग्लास दोन होतात. तेव्हा स्पार्कलिंग दोन घ्या आणि रीसलिंगचं प्रमाण तेवढंच राहू द्या. भोपळा सौम्य करायचं ठरवलंत तर रीसलिंगऐवजी कोरडी सोव्हिन्यों ब्लां बेधडक घ्या. चिकन लिंबू-लसणाचं केलंत आणि मशरूम गाळलंत तर तांबडीची गरजच उरत नाही, चार बाटल्या एकाच पांढरीच्या आणल्या तरी चालतील.

पाहुण्याने आणलेल्या बाटलीचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण शनिवारी दारातच हा प्रश्न येईल. ती त्याच रात्री उघडायचं बंधन नसतं. आभार मानून ‘ही आम्ही निवांत पिऊ’ म्हणा आणि बाजूला ठेवा, कारण तुमची जोडी जमलेली असते. आणणारा स्वतः ती उघडायला उत्सुक दिसला तर जेवणानंतरच्या अर्ध्या ग्लासाच्या वेळी उघडा, केकच्या आधी. तेव्हा तिला कुठल्याही पदार्थाशी जमवून घ्यावं लागत नाही आणि तुमची राखीव पिनोही वाचते. उघडून उरलेल्या सगळ्या वाइन, तांबडीसुद्धा, झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा. रीसलिंग चार-पाच दिवस टिकते, पिनो दोन-तीन. स्पार्कलिंगच्या तोंडात चमचा अडकवून काही होत नाही, तिला घट्ट बसणारं खास झाकण लागतं, आणि ते नसेल तर ती त्याच रात्री संपवावी.